व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकाच बाटलीत: फेस भरपूर येतो, मग डाग का निघत नाही?

एक स्प्रेची बाटली. त्यात कपभर पांढरं व्हिनेगर. वरून तीन चमचे खाण्याचा सोडा. फस्सकन फेस वर येतो, मागे संगीत वाजतं आणि स्क्रीनवर ओळ झळकते: 'आता महागडं क्लीनर विसरा.' अशी एखादी रील तुमच्याही फोनवर आली असेलच. कदाचित तुम्ही ती घरच्या ग्रुपवर पुढेही पाठवली असेल.

मीही पाठवली होती. एवढंच नाही, तर ती बाटली बनवूनही पाहिली. आमच्या भाड्याच्या घरात बोअरवेलचं पाणी येतं, त्यामुळे बाथरूमच्या नळावर पांढरा थर बसलेला होता. चार दिवस रोज फवारलं, पुसलं. थर जागचा हलला नाही. पाचव्या दिवशी कंटाळून नुसतं व्हिनेगर कापडावर घेऊन नळाला गुंडाळलं आणि अर्ध्या तासात तोच थर नखाने निघाला.

म्हणजे व्हिनेगर काम करत होतं, पण सोडा घातल्यावर करत नव्हतं. असं का झालं, याचं उत्तर आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आम्ल, आम्लारी आणि उदासिनीकरण हे तीन शब्द आठवतात का? नसतील आठवत तरी हरकत नाही. सुरुवातीपासून पाहू.

व्हिनेगर नेमकं काय करतं?

व्हिनेगर म्हणजे पाण्यात विरघळलेलं ॲसेटिक आम्ल. स्वयंपाकघरातल्या बाटलीत ते साधारण ४ ते ५ टक्के असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणीच. आम्लाची ओळख म्हणजे ते पाण्यात हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे हायड्रोजन आयन सोडतं. चव आंबट लागते ती याच कणांमुळे. आणि सफाईही हेच कण करतात.

नळावरचा, बादलीच्या कडेचा, गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर हा मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा असतो. जड पाण्यातले क्षार पाणी सुकल्यावर किंवा तापल्यावर मागे राहतात आणि त्यांचा दगडासारखा पापुद्रा तयार होतो. हा थर साबणाने निघत नाही, कारण तो तेलकट मळ नाही. तो खरोखरच एक प्रकारचा चुनखडीचा दगड आहे. आम्लाचे कण या दगडावर हल्ला करतात, त्यातल्या कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि उरलेलं कॅल्शिअम पाण्यात विरघळून वाहून जातं.

चिंचेने तांब्या-पितळेची भांडी उजळतात, तेही असंच. चिंचेतलं आम्ल भांड्यावर चढलेला काळपट थर विरघळवतं आणि खालचा धातू उघडा पडतो.

मग सोडा काय करतो?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. हा सौम्य आम्लारीधर्मी पदार्थ आहे. सोप्या भाषेत, आम्ल हायड्रोजनचे कण देतं आणि आम्लारी ते कण पकडून टाकते. दोघांचा स्वभाव बरोबर उलट.

सोड्याची सफाई दोन प्रकारची. एक म्हणजे त्याची बारीक पूड. थोड्या पाण्यात कालवून लेप केला तर न विरघळलेले कण सौम्य खरवडणीसारखे काम करतात. चहाच्या कपातले तपकिरी डाग किंवा पातेल्याच्या तळाशी करपलेलं दूध त्याने घासून निघतं आणि स्टीलवर ओरखडेही फारसे पडत नाहीत. दुसरं म्हणजे त्याचा आम्लारी गुण. फ्रीजमध्ये नासलेल्या दुधाचा आंबूस वास येतो, तो आम्लधर्मी पदार्थांचा असतो. सोडा त्यांना निष्प्रभ करतो.

आपल्या घरांमध्ये पूर्वी तेलकट भांडी राखेने घासायची पद्धत होती. राखही आम्लारीधर्मी आणि खरखरीत. म्हणजे घरोघरी राख तेलकट भांड्यांना आणि चिंच तांब्याच्या भांड्यांना, अशी वाटणीच होती. राख आणि चिंच एकाच वाटीत कालवून भांडी घासायला कुणी बसत नसे.

दोन्ही एकत्र आले की काय होतं?

आता रीलमधल्या बाटलीकडे परत येऊ. व्हिनेगरमध्ये सोडा पडला की आम्लाने दिलेले हायड्रोजनचे कण सोडा लगेच पकडतो. रसायनशास्त्राच्या भाषेत ही अभिक्रिया अशी लिहितात:

CH₃COOH + NaHCO₃ → CH₃COONa + H₂O + CO₂

डावीकडे आम्ल आणि सोडा. उजवीकडे सोडिअम ॲसेटेट नावाचा क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. डावीकडचे दोन्ही कामकरी उजवीकडे दिसत नाहीत. त्यांनी एकमेकांना संपवलं. यालाच उदासिनीकरण म्हणतात.

उरलेल्या तीन गोष्टींपैकी वायू हवेत निघून जातो. पाणी तर बाटलीत आधीपासूनच होतं. राहिला सोडिअम ॲसेटेट. हा निरुपद्रवी क्षार आहे, खाद्यपदार्थांतही वापरतात, हात गरम ठेवणाऱ्या जेल पॅकमध्येही असतो. पण तो कॅल्शिअमचा थर विरघळवत नाही आणि तेलही सोडवत नाही.

रीलमधल्या मापाचा हिशेब

'थोडं तरी व्हिनेगर उरत असेल ना?' हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून रीलमधलंच माप घेऊन हिशेब करून पाहू.

एक कप म्हणजे २०० मिली व्हिनेगर. ते ५ टक्क्यांचं असेल तर त्यात साधारण १० ग्रॅम ॲसेटिक आम्ल आहे. एवढं आम्ल पूर्ण उदासीन करायला जेमतेम १४ ग्रॅम सोडा लागतो. चहाचा एक सपाट चमचा सोडा भरतो साधारण ५ ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे तीन सपाट चमचे. रीलमध्ये तेवढाच घातला होता. ज्याने कुणी ते माप ठरवलं, त्याने नकळत दोघांनाही पूर्ण संपवणारं प्रमाण गाठलं होतं.

फेस ओसरल्यावर त्या बाटलीत सुमारे १४ ग्रॅम सोडिअम ॲसेटेट विरघळलेलं पाणी उरतं. हेच १० ग्रॅम आम्ल वाया गेलं नसतं, तर कागदावरच्या हिशेबाने त्याने ८ ग्रॅमच्या आसपास कॅल्शिअमचा थर विरघळवला असता. एका नळावर बसलेल्या थराच्या मानाने हे बरंच जास्त आहे.

सोडा तीनऐवजी पाच चमचे घातला तर? व्हिनेगर सगळं संपेल आणि दोन चमचे सोडा उरेल, पण पाण्यात विरघळलेला. त्याची खरवडणी गेलेली असेल. तीन चमचे फुकट घालवून दोन चमच्यांचं सौम्य पाणी मिळालं, एवढाच अर्थ.

आणि एकच चमचा घातला तर? तेव्हा आम्ल निम्म्याहून जास्त उरतं, हे खरं. पण इथे एक मेख आहे. तयार झालेलं सोडिअम ॲसेटेट उरलेल्या आम्लालाही मोकळेपणी कण सोडू देत नाही. आम्लाची तीव्रता सामू या मापाने मोजतात. शून्याकडे जाल तितकं आम्ल तीव्र, ७ म्हणजे उदासीन आणि त्याच्या वर आम्लारी. नुसत्या व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास असतो. एक चमचा सोडा पडला की तो साडेचारच्या घरात जातो. फरक दोनचाच दिसतो, पण सामूच्या पट्टीवर दर एक अंकाला दहापट फरक पडतो. म्हणजे पाण्यात मोकळे फिरणारे हायड्रोजनचे कण जवळजवळ शंभरपटीने कमी झाले. असं मिश्रण थर काढतं, पण फार रेंगाळत.

थोडक्यात, कुठलंही प्रमाण घ्या, मिसळल्यावर मिळणारं पाणी मूळच्या दोघांपेक्षा कमजोरच असतं.

घरी पाहता येईल अशी परीक्षा

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. अंड्याचं टरफल घ्या. तेही मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटच, म्हणजे तुमच्या नळावरच्या थराचा सख्खा भाऊ. अंडं घरात चालत नसेल तर समुद्रावरून आणलेला छोटा शिंपला चालेल.

तीन काचेचे ग्लास घ्या. पहिल्यात अर्धा कप व्हिनेगर. दुसऱ्यात अर्धा कप पाणी आणि दीड चमचा सोडा. तिसऱ्या, मोठ्या ग्लासात अर्धा कप व्हिनेगर आणि दीड चमचा सोडा. तिसऱ्यातला फेस पूर्ण बसेपर्यंत थांबा, मधूनमधून ढवळा. मग तिन्हींत टरफलाचा एकेक सारखा तुकडा टाका.

पहिल्या ग्लासात मिनिटाभरात तुकड्यावर बारीक बुडबुडे धरतील आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टरफल मऊ पडून बहुतेक विरघळलेलं असेल. दुसऱ्या ग्लासात काहीही होणार नाही, कारण सोडा कॅल्शिअमचा थर काढतच नाही. तिसऱ्या ग्लासातही तुकडा होता तसाच राहील. अर्धा कप व्हिनेगर तिथेही होतं, पण आता ते व्हिनेगर राहिलेलं नाही.

रंगाने पाहायचं असेल तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी व्हिनेगरमध्ये टाकलं की गडद गुलाबी होतं, सोड्याच्या पाण्यात हिरवट. फेस बसलेल्या मिश्रणात टाकलं तर व्हिनेगरमधला तो भडक गुलाबी रंग येणार नाही. आम्ल संपलं, याची खूण डोळ्यांसमोर.

मग फेसाने सफाई झाल्यासारखी का वाटते?

यात फेसाचा वाटा सर्वात मोठा. बुडबुडे दिसले की 'काहीतरी जोरदार चाललंय' असं वाटतं. चालतं हे खरंच, पण ते व्हिनेगर आणि सोडा यांच्यात चाललेलं असतं. डागाशी त्याचा फारसा संबंध नसतो.

सिंकच्या तुंबलेल्या पाइपचं उदाहरण घ्या. 'सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फेस घाण ढकलून देईल' असं सांगतात. पण सिंकचं तोंड उघडं असतं. वायूला वर जायला मोकळी वाट असताना तो खाली बसलेला केसांचा आणि चिकट तेलाचा गोळा ढकलायला जात नाही. व्हिनेगर तेल विरघळवत नाही, हे तर व्हिनेगर आणि तेल एका वाटीत ओतून कुणालाही दिसेल. तेल वर तरंगतं. केसांवरही या मिश्रणाचा परिणाम होत नाही.

तरीही कधीकधी पाइप मोकळा होतो. का? कारण त्या कृतीत शेवटी 'एक पातेलं गरम पाणी ओता' असतं. पातळ झालेलं तेल आणि वरून आलेला पाण्याचा लोंढा हे काम करतात. श्रेय मात्र फेस घेऊन जातो. करपलेल्या पातेल्याचंही तसंच. दहा मिनिटं भिजणं आणि मग जोर लावून घासणं, यानेच बरंचसं काम होतं. बुडबुड्यांनी सैल कण थोडे हलतात, एवढीच त्यांची मदत.

फेस खरोखर उपयोगी पडतो तो ढोकळ्यात. लिंबाचा रस आणि सोडा एकत्र येऊन तयार झालेला वायू घट्ट पिठात अडकतो आणि पीठ फुलतं. तिथे आपल्याला वायूच हवा असतो. सफाईत आपल्याला आम्ल हवं असतं किंवा आम्लारी, आणि वायूच्या मोबदल्यात आपण नेमकं तेच देऊन बसतो.

बाटलीचं झाकण लावू नका

इथवर फक्त श्रम आणि व्हिनेगर वाया जाण्याची गोष्ट होती. पण रीलमधल्या शेवटच्या कृतीत धोका आहे: 'झाकण घट्ट लावून ठेवा, महिनाभर वापरा.'

आपल्या मापातल्या त्या कपभर व्हिनेगरमधून आणि तीन चमचे सोड्यातून घरातल्या तापमानाला साधारण ४ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २०० मिली व्हिनेगर असेल तर मोकळी जागा उरते जेमतेम ३०० मिली. त्यात ४ लिटर वायू कोंबला जातो. थोडा पाण्यात विरघळेल, बाकीचा बाटलीच्या भिंतींवर दाब देईल. स्प्रेची साधी प्लास्टिकची बाटली अशा दाबासाठी बनवलेली नसते. ती फुगते, तिचं डोकं उडू शकतं किंवा ती फुटते, आणि आंबट पाणी डोळ्यात जाऊ शकतं. काचेची बाटली असेल तर तुकडे उडतात. सोड्याची गुठळी तळाशी राहिली तर वायू हळूहळू तयार होत राहतो, त्यामुळे 'फेस बसला, आता झाकण लावू' हा अंदाजही चुकतो.

घरात अशी बाटली बनवून ठेवली असेल आणि ती फुगलेली दिसत असेल, तर तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून, वर कापड धरून, झाकण अगदी हळू सैल करा. वायू निघाला की पाणी सिंकमध्ये ओतून द्या.

याहून गंभीर एक गोष्ट. काही जण या मिश्रणात 'आणखी जोर यावा' म्हणून ब्लीच घालतात. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये मिसळलं की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुतेक वेळा तीव्र आम्ल असतं, त्यामुळे तेही ब्लीचबरोबर कधीच वापरू नका.

मग वापरायचं कसं?

दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी. आधी डाग ओळखा.

डाग पांढरा, खडबडीत, पाण्याच्या वाटेवरचा असेल तर तो क्षारांचा आहे. तिथे नुसतं व्हिनेगर. कापड किंवा टिश्यू भिजवून नळाला गुंडाळा, २० ते ३० मिनिटं ठेवा आणि घासून धुवा. शॉवरची जाळी वाटीत बुडवून ठेवता येते. थर जाड असेल तर एकदा धुऊन पुन्हा ताजं व्हिनेगर लावा, कारण पहिल्या खेपेचं आम्ल थरानेच संपवलेलं असतं. बुडबुडे यायचे थांबले आणि थर अजून दिसत असेल, तर व्हिनेगर बदलायची वेळ झाली असं समजा.

डाग तपकिरी, करपलेला असेल किंवा आंबूस वास असेल तर सोडा. तीन भाग सोडा, एक भाग पाणी असा लेप करा, लावा, थोडा वेळ ठेवा, ओल्या कापडाने घासा. डाग तेलकट असेल तर आधी भांडी घासायचं लिक्विड. कपड्यांवरच्या किंवा एक्झॉस्ट फॅनवरच्या चिवट तेलाला खाण्याच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा जास्त लागू पडतो, कारण तो कितीतरी अधिक आम्लारीधर्मी आहे. पण तेव्हा हातात रबरी मोजे हवेत.

एकाच जागी दोन्ही हवे असतील, म्हणजे सिंकमध्ये तेलकटपणाही आहे आणि नळाखाली पांढरा थरही, तर क्रम ठेवा. आधी सोडा आणि लिक्विडने घासा. पाण्याने पूर्ण धुवा. मग व्हिनेगर लावा, थांबा आणि पुन्हा धुवा. मधलं धुणं टाळू नका. सोडा उरला असेल तर व्हिनेगर आधी त्याच्यावरच खर्च होईल, आणि फेस दिसला की समजायचं, धुणं नीट झालेलं नाही.

आणि एक आपल्याकडची खास काळजी. जुन्या घरांतला कडप्प्याचा ओटा, शहाबादी किंवा कोटा फरशी, देवघरातला संगमरवर हे सगळे चुनखडीच्या जातीचेच दगड आहेत. व्हिनेगरला नळावरचा थर आणि तुमचा ओटा यांत फरक कळत नाही. तिथे ते सांडलं तर चकाकी जाऊन पांढुरके चट्टे पडतात आणि ते पुसून जात नाहीत. सोड्याचा लेप ॲल्युमिनिअमच्या कढईवर जास्त वेळ ठेवला तर ती काळी पडू शकते.

माझ्या बाथरूममध्ये आता दोन डबे आहेत. एकावर 'पांढरा थर' लिहिलंय, दुसऱ्यावर 'करपलेलं'. ते पाहून आई म्हणाली, "एवढं लिहून कशाला ठेवायचं? चिंच वेगळी, राख वेगळी. आम्ही काय वेगळं करत होतो?"